कादंबरीकाराला पत्र लिहिलंय – पाठवू का?

तेरणाकाठची

नमस्कार मंडळी. इथं आजवर नुसती वाचत आले, लिहिते पहिल्यांदाच.

एका मराठी कादंबरीकाराला पत्र लिहिलंय. कादंबरीचं आणि लेखकाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा पुस्तक चांगलं की वाईट यावरच जाईल. गोष्ट थोडक्यात अशी. गोदाकाठच्या गावातला एक शेतकरी बाजाराच्या दिवशी मुलीला बैलगाडीत बरोबर नेतो आणि मुलाला घरी ठेवतो. दिवस कलताना मुलगा डोहात बुडतो. पुढं जवळजवळ अख्खी कादंबरीभर तो माणूस रडत नाही. फक्त रोज त्या वेळेला हातातलं काम टाकून उठतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो.

मी किल्लारी भागातली. कादंबरीत भूकंपाचं नावही नाही, तरी मला ती आमच्या घराची वाटली. पत्र खाली देते, गावाचं आणि माणसांची नावं काढून. पाठवावं का? पाठवायचं तर असंच का? अशा पत्राचं लेखकाला ओझं होत असेल का?

*आदरणीय सर,*

*सप्रेम नमस्कार. आपलं लेखन मी कॉलेजात असल्यापासून वाचते. आपल्या लेखणीत मराठवाड्याच्या मातीचा गंध आहे. आपण ग्रामीण माणसाचं सुखदुःख ज्या ताकदीनं मांडता त्याला तोड नाही.*

*हे पत्र आपल्या नव्या कादंबरीतल्या बापाबद्दल आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या गावातलं जवळजवळ प्रत्येक घर पडलं. माझी आई आणि धाकटा भाऊ त्यात गेले. मी आठ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. रात्री जेवणं झाल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, रानात राखणीला निघाले. हायब्रीड ज्वारी दाण्यात आली होती आणि डुकरं शिरत होती. मी हट्ट करून मागं लागले. धाकटाही रडायला लागला. दादा त्याला म्हणाले, तू लहान आहेस, गार वाऱ्यानं आजारी पडशील. आईनं त्याला आत नेलं.*

*आम्ही रानातल्या माळ्यावर होतो म्हणून वाचलो. दादांनी नंतर कधी त्या रात्रीचं काही सांगितलं नाही. मी बारावीत असताना एकदाच, दुसऱ्याच कशावरून तरी बोलताना म्हणाले, "माळ्यावर तिघं मावत होती." आपल्या कादंबरीतला बाप जावयाच्या घरी जेवताना मध्येच म्हणतो, "गाडीत जागा होती." ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून उठले.*

*तो बाप रोज दिवस कलताना उठतो तसे माझे दादा पहाटे उठतात. भूकंप ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. दादा साडेतीनच्या सुमारास अंगणात येऊन बसतात आणि फटफटीत झाल्यावर आत जातात. लहानपणी मला वाटायचं, शेतकरी माणूस आहे, धारा काढायला उठत असेल. पुढं म्हैस विकली तरी ते उठतच राहिले. गावात लोक त्यांना देवमाणूस म्हणतात, पहाटे उठून नामस्मरण करतो म्हणून. आपल्या बापाला गावातली पोरं हसतात, म्हाताऱ्याला लघवीची घाई झाली म्हणतात. दोन्हीकडं कारण कुणाला कळत नाही.*

*हे आपल्याला कसं कळलं, एवढंच विचारायचं आहे. आपल्या घरात असं कुणी होतं का? उत्तराची वाट पाहते.*

*आपली नम्र वाचक*

---

गोदातीर

वाचलं. लगेच काही बोलता येत नाही. पाठवा.

---

वकीलसाहेब_बीड

ताई, लेखकानं तुमच्या वडिलांची गोष्ट तुम्हाला न विचारता वापरली असेल तर आधी नोटीस पाठवता येते. पण त्यासाठी त्याला ती कुठून कळली याचा पुरावा लागेल.

---

तेरणाकाठची

अहो नाही, वापरली नाही. लेखक आम्हाला ओळखतही नाहीत. त्यांच्या कादंबरीत नदी आहे, आमच्याकडं भूकंप होता. गोष्ट वेगळी आहे, माणूस सारखा आहे.

---

मीटर_फिरवणारा

वकीलसाहेब शोकसभेतही वकीलपत्र घेऊनच जातात.

---

शाईचा_डाग

मी बरीच वर्षं एका प्रकाशनात संपादन विभागात होतो. लेखकांच्या नावानं आलेली वाचकांची पत्रं आमच्याकडूनच पुढं जायची, म्हणून थोडं सांगतो.

ओझ्याचं आधी. अशी पत्रं लेखकांना येतात आणि बहुतेकांना हवी असतात. परीक्षणापेक्षा असं पत्र जपून ठेवणारे लेखक मी पाहिलेत. ओझं होतं ते पत्रातल्या दुःखाचं नाही, पत्रातल्या मागणीचं. "माझ्या आयुष्यावर कादंबरी लिहा", "सोबत माझ्या कविता जोडल्या आहेत", "फोन करा, मन मोकळं करायचं आहे" अशी पत्रं लेखक बाजूला ठेवतो आणि मग आठवडाभर त्याचं मन खातं. तुमच्या पत्रात असं काही नाही, फक्त शेवटी आहे. "आपल्या घरात असं कुणी होतं का" हा प्रश्न मी काढला असता. असेल तर तो माणूस त्यानं कादंबरीत ठेवलाय, आणि नसेल तर नाही म्हणून सांगताना तो तुमच्यापुढं उगाच खजील होईल. "उत्तराची वाट पाहते" हेही नको. त्याऐवजी "उत्तराची अपेक्षा नाही" एवढं स्वच्छ लिहा. गंमत अशी की त्या पत्रांना उत्तरं जास्त जातात.

आता पहिला परिच्छेद. मातीचा गंध, लेखणीची ताकद, तोड नाही. ही वाक्यं दुसऱ्या कुठल्याही लेखकाला पाठवली तरी चालतील. जे वाक्य दुसऱ्याला चालतं ते या पत्रात नको. पत्र सरळ "माळ्यावर तिघं मावत होती" इथून सुरू झालं तरी चालेल. लेखकाला स्तुती रोज मिळते. आपण लिहिलेलं वाक्य कुणाच्या तरी बापानं खरंच उच्चारलं होतं, हे त्याला कोण सांगणार?

आणि पान क्रमांक लिहा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, म्हणून प्रकरणही लिहा.

---

पैठणची_पोर

शाईकाका, काढायला सांगितलेल्या प्रश्नाशी मी सहमत नाही. वाचकाला तेच तर जाणून घ्यायचं असतं! मी एम.ए.ला आहे, मला तर प्रत्येक लेखकाला हेच विचारावंसं वाटतं.

---

शाईचा_डाग

विचारा, पण कार्यक्रमात, माईक हातात घेऊन. पत्रात स्वतःची आई-भाऊ सांगून झाल्यावर विचारलं की त्या माणसाला "नाही" म्हणायची सोय राहत नाही.

---

सास्तूरकर_अण्णा

ताई, मी पलीकडच्याच गावचा. तवा पंचवीस वर्साचा होतो. तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा काढून ठेवला.

एक सांगतो. दादांच्या मनात ते माळ्याचं गणित हाय, तसं गणित आमच्याकडं घरोघर हाय. माझंच सांगतो. त्येच्या आदल्या साली, ब्याण्णवला, पावसाळ्यात आन दिवाळीच्या आधी धक्के बसलालते. जमिनीतून गडगड आवाज यायचा. लोक भेदरून बाहेर झोपलालते, आमीबी बाहेर पडलो. मग कायच होईना. थंडी पडली. आमची आजी म्हनली, किती दिवस लेकरं उघड्यावर निजवतावं? मी सोता बाजा उचलून आत टाकल्या. पुढच्या साली ती रात आली. बाजा कुनी आत टाकल्या ह्येचा हिशोब मी अजून करतोय. आन माझी बायकू म्हनती, मीच म्हनले होते की बाजा आत घ्या. म्हंजी दोघंबी आपापल्या नावावर लिवून घेतोय.

तवा दादांस्नी सांगा म्हननार होतो की तुमी एकटं न्हाई. पर सांगू नका. सांगून काय होत न्हाई.

---

तेरणाकाठची

अण्णा, ब्याण्णवचं मला माहीतच नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं, पण लोक बाहेर झोपून परत आत गेले हे नव्हतं माहीत. आमच्या घरी या विषयाला हातच लावत नाहीत.

---

धरणग्रस्त_मनोहर

मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. तो भूकंप माकणीच्या धरणामुळं झाला. निम्न तेरणात पाणी अडवलं आणि जमीन हलली. कोयनेला १९६७ ला हेच झालं. हे सिद्ध झालेलं आहे. दुःख कसलं करता, जबाबदारी ठरवा.

---

खडकफोड्या

मनोहरराव, कोयनेचं बरोबर. धरणामुळं भूकंप होण्याचं जगात जे उदाहरण देतात त्यात कोयना पहिल्या रांगेत आहे आणि तिथं आजही धक्के बसतात. पण किल्लारीचं तसं ठरलेलं नाही. धरण होतं, पाणी होतं, काही अभ्यासकांनी संबंध मांडला, काहींनी तो खोडला. मराठवाडा हा दख्खनच्या स्थिर पठाराचा भाग, तिथं एवढा मोठा भूकंप होईल असं कुणी धरलंच नव्हतं. म्हणून तर किल्लारीनंतर देशाच्या भूकंप नकाशाची फेरमांडणी झाली.

माणसं एवढी का मेली याचं उत्तर मात्र वादातलं नाही. ६.२–६.४ रिश्टरचा भूकंप जगात दरवर्षी कुठं ना कुठं होतो. इथं घरं दगडमातीची आणि माळवदाची. भिंत दोन-अडीच फूट रुंद, पण ती एक भिंत नसतेच. आतून एक पदर, बाहेरून एक पदर आणि मध्ये खडीमाती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा लांब दगड घातलेला नसला की हादऱ्यात भिंतीचं पोट सुटतं आणि पदर दोन्हीकडं पसरतात. वर तुळयांवर मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची, म्हणजे जुनं घर तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. बरीच माणसं दगडानं नाही, मातीखाली गुदमरून गेली.

---

सास्तूरकर_अण्णा

खरंय. आन उन्हाळ्यात ह्येच माळवद गारेगार. म्हातारी मानसं पत्र्याच्या शेडात उकडलालते तवा माळवदाचीच आठवन काढलालते, जेच्याखाली घर गेलं त्येची.

---

मीटर_फिरवणारा

धागा पत्राचा होता ना? मनोहरराव सगळीकडं धरण आणतात. परवा पुरणपोळीच्या धाग्यावर पण आणलं होतं.

---

धरणग्रस्त_मनोहर

पुरणाला पाणी लागतं म्हणून आणलं होतं.

---

ओसरी

मी माझं सांगते. माझे मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. घरी आणलंच नाही, दवाखान्यातूनच परस्पर. आमच्याकडं पहिल्या दिवशी शेजारी-भावकी कडू घास घेऊन येतात, पिठलं-भाकरी, ताटाशी बसून दोन घास बळंच खायला लावतात. माझ्या दारात कुणी आलं नाही. येऊ शकत नव्हते, मी दोष देत नाही. पण तेव्हापासून पिठलं मला करताही येत नाही आणि टाळताही येत नाही.

एका लेखिकेच्या कथेत अगदी अशीच बाई होती. मी तिला पत्र लिहिलं, पाच पानी. उत्तर आलं नाही. मला फार लागलं. दुसऱ्यांदा कुणीतरी दारात आलं नाही असं वाटलं. म्हणून म्हणते तेरणाकाठची, उत्तर नाही आलं तर झेपेल का, हे आधी बघ.

---

तेरणाकाठची

ओसरीताई, तुमच्या पोस्टनंतर बराच वेळ काही लिहिता आलं नाही. भूकंपात कडू घासाचं आमच्याकडंही असंच झालं असं आत्या सांगायची. घास आणायचा तो शेजारच्या घरातून, आणि शेजारचं घरही पडलेलं. माती सगळ्यांची एकत्र, पडलेल्या वाड्यांच्याच तुळया सरणाला. वरून पाऊस. दहावा-तेरावा कुणाचा कधी करायचा हाही प्रश्न होता. आईचं आम्ही अविधवा नवमीला घालतो. धाकट्याचं काहीच करत नाहीत, लहान होता म्हणून.

उत्तर नाही आलं तर झेपेल असं वाटतं. खरं तर नक्की सांगता येत नाही.

---

समुपदेशक_लातूर

माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून दोन गोष्टी. इलाज सांगत नाही, कुणी मागितलेलाही नाही.

पहिली. तुमच्या दादांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्यात. एक, गेलेल्या माणसांची ओढ. दुसरी, त्या घटनेची भीती. ओढ असलेला माणूस फोटो काढून बघतो, जुन्या गावाच्या जागेवर जाऊन बसतो. भीती असलेला छताखाली झोपत नाही, ती वेळ आली की जागा होतो. नव्या गावात पक्की घरं मिळाल्यावरही पुढं पत्र्याचं शेड घालून त्यातच झोपणारी माणसं या भागानं पाहिली आहेत. पत्रात तुम्ही वेळेचं लिहिलंय, ते दुसऱ्या प्रकारातलं. "माळ्यावर तिघं मावत होती" हे मात्र दोन्हींत न बसणारं तिसरं आहे. वाचलेल्या माणसाचा स्वतःवरचा आरोप. अण्णांच्या बाजेचं तेच. बाहेरून कितीही पटवलं तरी तो आरोप सुटत नाही, कारण तो धरून ठेवण्यात एक फायदा असतो. "माझ्या हातात होतं" हे मानणं "कुणाच्याच हातात नव्हतं" यापेक्षा सोसायला सोपं जातं.

दुसरी गोष्ट कादंबरीची. ती मी वाचली आहे, नाव न सांगता ओळखली. शेवटी नातीच्या बारशाला तो बाप ढसाढसा रडतो. मला तिथं लेखक घाबरल्यासारखा वाटला. न रडणं म्हणजे थकलेलं देणं नव्हे की कधीतरी फेडलंच पाहिजे. कितीतरी माणसं कधीच रडत नाहीत आणि त्यांचं दुःख अर्धवट राहिलेलं नसतं. तेरणाकाठची, तुमचे दादा रडले का कधी? नसतील तर तेही पत्रात लिहा.

---

पैठणची_पोर

समुपदेशक सर, कादंबरी म्हणजे केस पेपर नाही हो. ते रडणं मला पटलं. बारशाला पाळण्यात ठेवायला नाव शोधताना सगळे मुलाचं नाव टाळतात आणि तो स्वतः ते नाव उच्चारतो, म्हणून रडतो. त्यात देणं फेडणं कुठं आहे?

---

समुपदेशक_लातूर

नाव उच्चारतो इथंच थांबला असता तर मीही म्हटलं असतं, वा.

---

गोदातीर

मला वाटतं पत्रात चूक दाखवू नये. तो माणूस मेहनतीनं लिहितो, आपण आभार मानायचे.

---

शाईचा_डाग

गोदातीर, "चुकलात" असं लिहायचं नाही, बरोबर. पण "माझे दादा रडले नाहीत" एवढं लिहिणं म्हणजे चूक दाखवणं नव्हे. ती माहिती आहे. निवाडा लेखकाचा त्याला करू द्या. पत्र चांगलं झालं की नाही हे मी एका गोष्टीवरून ओळखतो. वाचून झाल्यावर डोळ्यांपुढं कोण राहतं, लेखक की पत्रातला माणूस? या पत्रात दादा राहतात. त्यांनाच अजून थोडी जागा द्या.

तेरणाकाठची, एक विचारू? दादा हयात आहेत असं पत्रावरून दिसतं. त्यांना ही कादंबरी माहीत आहे का? गोष्ट त्यांचीही आहे.

---

तेरणाकाठची

हाच प्रश्न मी टाळत होते.

दादा ऐंशीच्या घरात आहेत. वाचायला येतं पण आता दिसत नाही. शनिवारी गावी गेले होते. त्यांना म्हटलं, एक गोष्ट वाचून दाखवते. बाजाराचं प्रकरण सोडलं आणि पुढचं, तो माणूस दिवस कलताना उठतो ते वाचलं. धागा सुरू करून मी इथं बसले होते आणि तिकडं माझा आवाज नीट निघत नव्हता. दादा ऐकत होते, मध्ये तंबाखू मळली. वाचून झाल्यावर मी काहीच बोलले नाही.

मग ते म्हणाले, "त्येच वक्ताला उठतो व्हय त्यो?"

म्हटलं, हो.

"मग काय उपेग? त्येच वक्ताला उठल्यावर उशीरच की. आधी उठाया पाहिजे."

एवढंच. मग म्हणाले, चहा टाक.

मी पत्रात लिहिलंय, भूकंप ३:५६ ला आणि दादा साडेतीनला उठतात. स्वतः लिहिलंय आणि मला कधी दिसलं नाही की मध्ये जवळजवळ अर्धा तास आहे. रानातून गावात पळत यायला तेवढाच वेळ लागतो.

---

सास्तूरकर_अण्णा

.

---

ओसरी

तेरणाकाठची, तुला फोन करू का? नंबर व्यक्तिगत निरोपात पाठव, वाटलं तरच.

---

समुपदेशक_लातूर

वरती मी "दुसऱ्या प्रकारातलं" म्हणून जो कप्पा पाडला होता त्यात हे बसत नाही. ही भीती नाही, हे रोजचं काम आहे. यावर मी अजून काही लिहीत नाही.

---

शाईचा_डाग

हे पत्रात जाऊ द्या, जसंच्या तसं, तंबाखू आणि चहासकट. त्यावर तुमचं स्पष्टीकरण एका वाक्याचंही नको. "रानातून गावात यायला तेवढाच वेळ लागतो" हेसुद्धा लिहायचं की नाही याचा विचार करा. माझं मत, लिहा, कारण ते लेखकाला कुठून कळणार? पण त्यानंतर थांबा.

आणि दादांना विचारा की हे लिहू का. नाही म्हणाले तर नाही.

---

वकीलसाहेब_बीड

थट्टा झाली, आता कामाचं. पत्र पाठवलं की कागद लेखकाचा होतो, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याकडंच राहतो. म्हणजे त्यानं ते तुमच्या परवानगीशिवाय जसंच्या तसं छापू नये. पण त्यातली कल्पना, तो अर्धा तास, त्यानं पुढच्या पुस्तकात दुसऱ्या माणसाला दिला तर कायदा काही करू शकत नाही. कल्पनेवर हक्क नसतो, शब्दांवर असतो. त्यामुळं दादांना विचारताना हेही सांगा की हे उद्या कुठल्या तरी पुस्तकात येऊ शकतं. नको असेल तर पत्रातच लिहा, "हे फक्त आपल्यासाठी". सभ्य लेखक पाळतो.

---

मीटर_फिरवणारा

वकीलसाहेब, पहिल्या प्रतिसादाचे पैसे परत. हा चांगला होता.

---

पैठणची_पोर

मला वाटतं लेखकानं वापरलं तर उलट चांगलंच. दादांचा अर्धा तास कुणाला तरी कळेल.

---

सास्तूरकर_अण्णा

पोरी, तुला चांगलं वाटतंय. दादांच्या गावात तीच कादंबरी कुनी वाचली आन उद्या पहाटे अंगनात त्येंच्याकडं बघत हुबं राह्यलं तर? आता देवमानूस म्हनून सोडलंय त्येंस्नी, ते काय वाईट हाय?

---

पैठणची_पोर

हा विचार केला नव्हता मी. तरीही पूर्ण पटत नाही. सगळंच झाकून ठेवलं तर कादंबऱ्या कशा लिहायच्या?

---

धरणग्रस्त_मनोहर

माझे वडील धरणात जमीन गेल्यावर रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला जाऊन बांध कुठं होता ते बोटानं दाखवायचे. कुणी विचारलेलं नसायचं. असो. ताई, पत्र पाठवा.

---

खडकफोड्या

मनोहरराव, याचा वेगळा धागा काढा. मी वाचेन.

---

तेरणाकाठची

सगळ्यांचे आभार. काय ठरवलं ते सांगते.

दादांना फोनवर विचारलं. आधी म्हणाले, कशाला लोकास्नी त्रास. मग विचारलं, तो लेखक कुठला? मी गाव सांगितलं. म्हणाले, तिकडं बी नदीकाठीच हाय म्हंजी. लिव्ह, पर नाव नको. चुलतभावाचं मात्र ठाम मत आहे की घरातलं बाहेर जाऊ नये, आणि तो माझ्याशी नीट बोलत नाहीये. त्याचेही तीन जण गेले त्या रात्री, त्यामुळं त्याला उडवून लावता येत नाही. त्याच्या घरचं एक अक्षर पत्रात नाही, हे त्याला वाचून दाखवणार आहे.

पहिला परिच्छेद काढला. शेवटचा प्रश्न काढला. दादा रडले नाहीत हे घातलं, बारशाबद्दल काही मत न देता. शनिवारचं जसंच्या तसं घातलं. "हे फक्त आपल्यासाठी" लिहिलंय. पत्र दीड पानाचं झालं.

शाईकाका, पत्ता पुस्तकातला प्रकाशकाचाच घालू ना? आणि ईमेल की टपाल?

---

शाईचा_डाग

टपाल. हातानं लिहिलेलं असेल तर उत्तम. मोठ्या पाकिटावर प्रकाशकाचा पत्ता, आत दुसरं बंद पाकीट, त्यावर फक्त लेखकाचं नाव आणि "वैयक्तिक". सोबत प्रकाशकाला दोन ओळींची चिठ्ठी, कृपया पुढं पाठवावं म्हणून. नुसतं एकच पाकीट असलं की कचेरीत उघडलं जातं आणि कुणीतरी कौतुकानं "वाचकांचे अभिप्राय" या फाइलला लावून टाकतं. मी स्वतः तशा फाइली लावल्या आहेत. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. प्रकाशकाकडून पुढं जायला महिना-दोन महिने सहज लागतात, तेव्हा लगेच ओसरीताईंसारखं मनाला लावून घेऊ नका.

---

ओसरी

शाईकाका, मी एकच पाकीट पाठवलं होतं. प्रकाशकाच्या पत्त्यावर.

---

शाईचा_डाग

मग तुमचं पत्र कदाचित अजून कुठल्या तरी फाइलमध्येच असेल. लेखिकेपर्यंत पोचलंच नसेल. प्रकाशकाला वर्ष आणि महिना कळवून विचारा.

---

ओसरी

विचारते. पाच पानांची दोन पानं मात्र आधी करते.